मोडी कागदांचे स्कॅन आणि लिप्यंतर: नातवंडांना उघडतील असे कसे ठेवावेत

प्रश्न: आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे दोन रुमाल आहेत, कापडात बांधलेले साधारण साडेसहाशे मोडी कागद. अर्धे मी मोबाइलने काढलेत, बाकीचे स्कॅन करायचेत. ओळखीच्या एका मोडी जाणकार काकांनी २००९ साली शंभरेक कागदांचं लिप्यंतर करून दिलं होतं. ते आता उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. सगळं एका पेन ड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर आहे. माझ्या मुलीच्या मुलांनाही हे वाचता यावं, तर कुठल्या फॉरमॅटमध्ये आणि कसं ठेवू?

आधी काकांचं लिप्यंतर हातात घ्या. स्कॅन महिनाभर थांबले तरी बिघडत नाही, कारण मूळ कागद अजून तुमच्या घरात आहेत. लिप्यंतर मात्र एका माणसाच्या डोळ्यांतून उतरलेलं आहे. ते गेलं तर पुन्हा तसा जाणकार शोधायचा, त्याने वेळ काढायचा आणि शंभर कागद नव्याने लावायचे, एवढं सगळं आलं.

तुमच्या फाइली खराब झालेल्या नाहीत. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी मराठी टायपिंगसाठी जे फाँट होते, त्यांत अक्षर साठवलं जायचं इंग्रजीचं आणि त्याचं चित्र तेवढं मराठीचं असायचं. बहुतेकांनी पाहिलेलं उदाहरण कृतिदेवचं आहे. त्यात `ejkBh` टाइप केलं की पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण फाइलीत असतात ती पाच इंग्रजी अक्षरंच. फाँट संगणकावर नसला की ती उघडी पडतात. अशा प्रत्येक फाँटची जुळणी वेगळी असते, एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. म्हणून काकांनी नेमका कुठला फाँट वापरला होता, हे आधी कळायला हवं.

मूळ फाइलींची एक प्रत काढा आणि मूळ फाइली बाजूला ठेवा, त्यांत काही ‘सेव्ह’ करू नका. प्रत वर्डमध्ये उघडून मजकुरावर कर्सर ठेवा. फाँट संगणकावर नसला तरी वरच्या चौकटीत त्याचं नाव बहुधा दिसतं. तो फाँट मिळवा, काकांचा किंवा एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याचा संगणक चालू असेल तर तिथे जा, आणि मजकूर मराठीत दिसू लागला की सगळ्यात आधी त्याची पीडीएफ करा. पीडीएफ करताना फाँट आत बसवायचा पर्याय चालू असू द्या. ही पीडीएफ म्हणजे काकांनी काय लिहिलं होतं याचं छायाचित्र. रूपांतर बरोबर झालं की नाही, हे पुढे याच पीडीएफशी ताडून पाहायचं आहे.

त्यानंतर त्या फाँटचा रूपांतरक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. रूपांतरक बहुतेक काम नीट करतात, पण ठरावीक जागी घसरतात आणि त्या जागा माहीत असल्या की तपासणी सोपी जाते. पहिली जागा ऱ्हस्व वेलांटीची. जुन्या फाँटांत ती दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप होते. कृतिदेवमध्ये ‘दिल्ली’ म्हणजे `fnYyh`, इथला `f` ही वेलांटी आहे. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यायला हवी. जोडाक्षर असलं की कधी कधी वेलांटी मधेच अडकते आणि पडद्यावर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसतं. दुसरी जागा रफाराची. ‘कर्म’ हा शब्द `deZ` असा टाइप होतो, म्हणजे रफार शेवटी, तर युनिकोडमध्ये तो ‘र्’ म्हणून आधी येतो. रूपांतर चुकलं की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. अशा वेळी वर्तुळ वगैरे काही दिसत नाही, शब्द फक्त चुकीचा होतो. तिसरी जागा खास मराठीची. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे वेगळे शब्द आहेत, आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला रूपांतरक दोन्हींचा ‘दर्या’ करून टाकू शकतो. ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’ ही गावं आणि आडनावं शोधून पीडीएफशी ताडा.

या ‘ऱ्य’बद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण शोध घेताना ती फसवते. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ (U+0931) आणि हलंत. दुसरा, साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह (U+200D). डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने लिहिलेलं ‘वऱ्हाड’ दुसऱ्या पद्धतीने टाइप करून शोधलं तर पुष्कळ ठिकाणी सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच आहे. हे स्वतंत्र अक्षर (U+0972) युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत, आणि पुष्कळ कीबोर्ड अजून तसंच लिहितात. माझ्या कामात मी U+0931 आणि U+0972 हीच रूपं ठरवून टाकली आहेत, बाकीची शोधून बदलतो. तुम्ही दुसरी ठरवलीत तरी हरकत नाही, फक्त सगळीकडे एकच असू द्या आणि कुठली ठरवली ते लिहून ठेवा.

आता हा मजकूर कशात ठेवायचा? साध्या मजकूर फाइलीत, म्हणजे `.txt`, आणि ‘सेव्ह ॲज’ करताना एन्कोडिंगच्या जागी `UTF-8` निवडून. तिथे `ANSI` निवडलं गेलं तर देवनागरीची सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत आणता येत नाहीत. फाइल बंद करून पुन्हा उघडून बघितल्याशिवाय जुनी प्रत पुसू नका. देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये आहे, आणि एकदा दिलेला अक्षराचा क्रमांक काढायचा किंवा हलवायचा नाही, असा त्या मंडळींचा नियम आहे. यूटीएफ-८ ही साठवणुकीची पद्धत १९९२ची, आणि आज जवळजवळ सगळं जाळं तिच्यावर चालतं. साधा मजकूर वाचायला कुठलाही एक कार्यक्रम लागत नाही, कुठलाही चालतो. मी तिच्यावर विसंबतो ते यामुळे. वर्डची फाइल सोबत ठेवायची तर ठेवा, पण एकुलती एक प्रत म्हणून नको. लिप्यंतर फक्त पीडीएफमध्येही ठेवू नका. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं कुठे काढायची एवढं पक्कं असतं, त्यामुळे तिच्यातून मराठी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की काने, वेलांट्या आणि जोडाक्षरं पुष्कळदा विस्कटतात.

दर कागदाच्या दर बाजूला एक मजकूर फाइल, आणि तिचं नाव स्कॅनच्या नावाशी तंतोतंत जुळणारं. पहिल्या रुमालाच्या १४७व्या कागदाची पुढची बाजू `r1-0147-a.tif`, तिचं लिप्यंतर `r1-0147-a.txt`, मागची बाजू `b`. नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता आणि आकडे चार अंकी. देवनागरी नावं दिसायला छान असतात, पण झिप करून एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना त्यांचं कडबोळं झालेलं मी बरेचदा पाहिलं आहे. नावात ‘सातारा पत्र’, ‘जमिनीचा वाद’ असलं काही घालू नका. वाचन पुढे गेलं की कागदाचा विषय बदललेला आढळतो, आणि मग नाव बदलायचा मोह होतो. हाच क्रमांक मूळ कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने अगदी बारीक लिहा. कागद, स्कॅन आणि लिप्यंतर यांना बांधणारा दोरा हा क्रमांकच आहे. मला जी दप्तरं निकामी झालेली दिसली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी फाइली शाबूत होत्या. कुठलं वाचन कुठल्या कागदाचं, हे सांगणारा माणूस मात्र उरला नव्हता.

मजकूर फाइलीच्या डोक्यावर चार-सहा ओळी हव्यात. माझा नमुना असा:

```
क्रमांक: r1-0147
बाजू: a
मूळ तारीख: सु॥ अर्बा सबैन मया व अलफ
काढलेली तारीख: शुहूर ११७४ = इ.स. १७७३-७४
लिप्यंतर: (नाव), २००९
रूपांतर व तपासणी: (नाव), (तारीख)
---
```

तारखेच्या दोन ओळी मुद्दाम ठेवल्या आहेत. अर्बा म्हणजे चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११७४. शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन १७७३ येतो. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून ते १७७३च्या उन्हाळ्याच्या शेवटापासून १७७४च्या उन्हाळ्यापर्यंत पसरतं. कुणी नुसतं ‘१७७३’ लिहून ठेवलं, तर पुढच्याला हे पत्र नारायणरावांच्या खुनाच्या, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३च्या, आधीचं की नंतरचं, हा प्रश्नच पडणार नाही. कागदावर जे आहे ते एका ओळीत, आपण काढलं ते दुसऱ्या ओळीत. गणित चुकलं असेल तर पुढच्याला ते सुधारता येतं.

मजकुरातही हेच पाळा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. त्यामुळे देवनागरीत उतरवताना शब्द कुठे तुटतो, वेलांटी पहिली की दुसरी, हे वाचणाऱ्याने ठरवलेलं असतं. ओळी कागदावर आहेत तशाच तोडा, म्हणजे स्कॅन शेजारी ठेवून बोट लावत वाचता येतं. न लागलेला शब्द `[?]`, फाटलेला भाग `[फाटले]`, अंदाजाने भरलेलं चौकटी कंसात. ही चिन्हं कशासाठी वापरली, ते एका वेगळ्या फाइलीत लिहा, नाव `vachaa.txt`. त्याच फाइलीत हे कागद कुणाचे, रुमाल कुठे ठेवले आहेत, क्रमांक कसे दिले, ‘ऱ्य’ कसा लिहिला, हे साध्या मराठीत एक पानभर. तिची छापील प्रत दोन्ही रुमालांत घालून ठेवा. (मोडी लिपी २०१४पासून स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आहे. हौस असेल तर ती प्रतही करा, पण देवनागरीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे.)

स्कॅनबद्दल एवढं लांबण लावायची गरज नाही, तरी दोन-तीन चुका वारंवार होतात त्या सांगतो. उरलेले कागद रंगीत स्कॅन करा, ४०० डीपीआयने, टिफमध्ये. कागदाच्या चारही कडा दिसू द्या आणि शेजारी एक पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. काळं-पांढरं स्कॅन फाइल लहान करतं, पण पुसट शाई, डाग आणि मागच्या बाजूने उमटलेलं अक्षर यांतला फरक त्यात मरतो. बोरूने ओढलेली बारीक रेघ आणि कागदातला तंतू तर सारखेच काळे होतात. फोनमधली जी ॲप कागद ‘स्वच्छ पांढरा’ करून देतात तीही याच कारणासाठी नकोत. स्कॅन छोटे करून देणारे काही कार्यक्रम आणि यंत्रं एकसारखी दिसणारी अक्षरं एकच धरून एकाच्या जागी दुसरं चिकटवतात. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने २०१३ साली दाखवून दिलं होतं की अशा एका यंत्राच्या प्रतींत ६चे ८ होत होते, आणि पान दिसायला अगदी स्वच्छ होतं. हिशेबाच्या कागदात ही चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

ए-४ आकाराचा कागद ४०० डीपीआयला साधारण ३,३०० गुणिले ४,७०० ठिपक्यांचा होतो. दर ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे न दाबलेली टिफ सुमारे ४६ एमबीची. तुमचे ६५० कागद, त्यांतले निम्मे पाठपोट धरले तर हजाराच्या आसपास चित्रं. सगळीच नव्याने स्कॅन केली तरी पन्नास जीबीच्या आत. आजच्या डिस्कवर ही जागा काहीच नाही, म्हणून दाबायच्या भानगडीत पडू नका. टिफचा दुसरा फायदा फाइल बिघडल्यावर कळतो. न दाबलेल्या टिफच्या चित्रभागात एखादा बाइट बदलला तर एक ठिपका बिघडतो, कुणाला दिसतही नाही. जेपेगमध्ये पुढचा भाग मागच्यावरून उलगडत जातो, त्यामुळे तोच एक बाइट बदलला की तिथून खालचं चित्र सरकतं, रंग बदलतात किंवा खालचा अर्धा भाग राखाडी होतो.

मोबाइलने आधी काढलेले जेपेग मात्र टिफमध्ये बदलू नका. जे गेलं ते परत येत नाही, नुसती जागा वाढते. ते जसेच्या तसे मूळ प्रत म्हणून ठेवा. फिरवणं, कापणं, उजळणं हे सगळं दुसऱ्या प्रतीवर करा, कारण जेपेग उघडून पुन्हा सेव्ह केली की ती दर वेळी थोडी झिजते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रती मूळ धरू नका, तिथे चित्र लहान होतं आणि कधी काढलं ही नोंद जाते. मोबाइलच्या चित्रांत अक्षर पुसट असेल तेवढेच कागद पुन्हा स्कॅनरवर घ्या.

आता बॅकअप. इथे मी स्वतः एकदा पुरता फसलो आहे, ते सांगतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी कोकणातल्या एका घराण्याचा एक रुमाल मी स्कॅन केला. चारशेच्या वर चित्रं, दोन डिस्कवर ठेवलेली. पहिली डिस्क जुनी झाली म्हणून तिच्यावरचं सगळं नव्या डिस्कवर घेत होतो, तेवढ्यात वीज गेली. वीज आल्यावर राहिलेल्या फाइली पुढे कॉपी केल्या, यादी बघितली, संख्या जुळली. नंतर त्याच नव्या डिस्कवरून दुसरी डिस्कही ‘ताजी’ करून घेतली आणि जुनी पुसून दुसऱ्या कामाला लावली. दोन वर्षांनी एका अभ्यासकाने एक पत्र मागितलं, तर खालचं अर्धं चित्र राखाडी. एकेक उघडत गेलो तेव्हा तशी ३७ चित्रं निघाली, आणि दोन्ही डिस्कवर तीच ३७. चांगली प्रत मीच माझ्या हाताने बिघडलेल्या प्रतीने झाकली होती. त्या घरी फोन केला तेव्हा कळलं की मधल्या पावसाळ्यात त्या रुमालाला वाळवी लागली होती. ३७पैकी ११ कागद पुन्हा मिळाले. बाकीचे आता कुठेच नाहीत.

प्रती किती आहेत एवढं मोजून भागत नाही, हे तेव्हा कळलं. प्रत्येक फाइल पहिल्या दिवशी होती तशीच आहे का, हे विचारायची सोय हवी. ती सोय म्हणजे फाइलीचा ठसा. एसएचए-२५६ नावाचं गणित फाइलीतल्या प्रत्येक बाइटवरून ६४ अक्षरांचा एक आकडा काढतं, आणि एक बाइट बदलला तरी आकडा पार वेगळा येतो. स्कॅन आणि लिप्यंतर पक्कं झालं की त्याच दिवशी सगळ्या फाइलींच्या ठशांची यादी करून ठेवायची. विंडोजवर Git for Windows घातलं की त्यातल्या Git Bash मध्ये हे आदेश चालतात. संग्रहाच्या फोल्डरमध्ये जाऊन:

```
find . -type f ! -name sha256.txt -exec sha256sum {} + > sha256.txt
```

आणि पुढे कधीही तपासायचं असेल तेव्हा, त्या त्या डिस्कवरच्या फोल्डरमध्ये:

```
sha256sum -c --quiet sha256.txt
```

काहीच छापून आलं नाही तर सगळं ठीक आहे. एखाद्या नावापुढे `FAILED` आलं की ती फाइल बदलली आहे किंवा सापडत नाही. मग दुसऱ्या प्रतीवर हाच आदेश चालवायचा आणि जिथे ती फाइल पास होते तिथून आणायची. क्रम नेहमी हाच: आधी तपासणी, मग कॉपी, मग नव्या जागी पुन्हा तपासणी. वीज गेली त्या दिवशी माझ्याकडे ही यादी असती तर ३७ नावं दहा मिनिटांत समोर आली असती, आणि तेव्हा जुनी डिस्क हातात होती. लिप्यंतरात तुम्ही स्वतः दुरुस्ती केलीत तरी `FAILED` येणारच. म्हणून दुरुस्ती झाली की यादी नवी करा आणि जुनी यादी, तिच्या नावात तारीख घालून, संग्रहाबाहेरच्या फोल्डरमध्ये जपा.

प्रती तीन असाव्यात. पहिली घरातल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी काम झालं की संगणकापासून काढून ठेवायची. सतत जोडलेली डिस्क संगणकाला लागलेल्या खंडणीखोर व्हायरसच्या तोंडी आपोआप जाते. दुसरी तशीच डिस्क, पण वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या गावात, बहिणीकडे किंवा मुलीकडे. शेजारच्या गल्लीतल्या मामाकडे ठेवलेली प्रत वेगळी धरू नका. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठाच्या पेठा एकदम पाण्याखाली गेल्या होत्या, आणि २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या लोकांनीही तेच पाहिलं. तिसरी प्रत इंटरनेटवर.

पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, साठवणीला नको. त्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं खणात पडून राहिला की तो भार हळूहळू गळतो. एसएसडीलाही हेच लागू आहे. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क या कामाला बरी, पण तीही पाच वर्षांनी बदलायची, चालत असली तरी. डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, म्हणजे विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर वाचता येते. ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय ओढू मात्र नका. डिस्कला पासवर्ड किंवा कूटबंधन घालू नका. पासवर्ड विसरला की डिस्क धडधाकट असूनही संग्रह गेला. पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

गूगल ड्राइव्ह तिसरी प्रत म्हणून चालेल, पण तिची दोन वैगुण्यं लक्षात असू द्या. संगणकावरचा फोल्डर ड्राइव्हशी जुळवून ठेवला असेल, तर इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. तिथली कचरापेटी तीस दिवसांनी रिकामी होते. म्हणून जुळणी न लावता हाताने चढवलेली प्रत बरी. दुसरं, दोन वर्षं वापर न झालेलं वैयक्तिक खातं गूगल पुसून टाकू शकतं, हा त्यांचा २०२३पासूनचा नियम आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ आहे, त्यात मुलीचा ईमेल आजच घाला. स्कॅन गूगल फोटोजमध्ये ठेवू नका. तिथे जागा वाचवायचा पर्याय चालू असला तर चित्रं दाबली जातात आणि ठसा जुळत नाही.

लिप्यंतराची मात्र एक चौथी प्रत करा, कागदावर. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचं, म्हणजे बाराशे अक्षरांचं पान साडेतीन-चार केबीचं. साडेसहाशे कागदांचं सगळं वाचन पुढेमागे झालं तरी ते तीन-चार एमबीत बसेल, मोबाइलच्या एका फोटोएवढं. ते चांगल्या, आम्लविरहित कागदावर लेझर प्रिंटरने छापा, दर पानावर क्रमांक येऊ द्या आणि ती चळत बहिणीकडच्या डिस्कसोबत ठेवा. इंकजेटची शाई पाण्याने पसरते, ती नको. ही प्रत उघडायला वीजही लागत नाही.

तपासणीला वर्षातला एक दिवस बांधून घ्या. मी खंडेनवमीला करतो. हत्यारं पुजायचा तो दिवस आहे, माझी हत्यारं म्हणजे या डिस्क. सकाळी दोन्ही डिस्क जोडतो, ठसे तपासतो. पन्नास जीबीला हार्ड डिस्कवर दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग यादीतून डोळे मिटून दहा क्रमांक निवडतो, त्यांचे स्कॅन आणि लिप्यंतर शेजारी शेजारी उघडून दोन ओळी वाचतो. ठसा जुळला म्हणजे फाइल बदललेली नाही एवढंच कळतं. ती उघडणारा कार्यक्रम अजून मिळतो का, अक्षरं नीट दिसतात का, हे उघडल्याशिवाय कळत नाही. टिफ उघडायला कधी अडचण येऊ लागली, तर ती अशा तपासणीत वेळेवर कळेल आणि रूपांतर करायला सवड मिळेल. शेवटी `nond.txt` नावाच्या फाइलीत एक ओळ: तारीख, कुठली डिस्क, काय निघालं, कुणी तपासलं. ही नोंदीची फाइल आणि ठशांची यादी दर वर्षी तिन्ही ठिकाणी पोचवायची. नोंदीची फाइल वाढत जाणार, म्हणून ती ठशांच्या यादीत धरू नका. संग्रहाच्या फोल्डरच्या बाहेर, एक पायरी वर ठेवा.

तुमचं काम या क्रमाने लावा. या आठवड्यात काकांच्या फाइलींचा फाँट ओळखून पीडीएफ करा. काका असतील तर त्यांच्याकडे जाऊनच करा, न लागलेले शब्दही विचारून घेता येतील. पुढच्या महिन्याभरात ती शंभर लिप्यंतरं युनिकोडमध्ये आणून तपासा, दिवसाला चार-पाच कागद सहज होतात. त्याच सुमाराला दोन डिस्क घ्या आणि आहे तेवढ्याचे ठसे काढून ठेवा, स्कॅन पुरे व्हायची वाट पाहू नका. राहिलेल्या कागदांचं स्कॅन सवडीने होऊ द्या, दर पन्नास कागदांनंतर यादी नवी करत.

आणि पहिली तपासणी मुलीला करायला सांगा. बहिणीकडची डिस्क तिच्या हातात द्या, तुम्ही शेजारच्या खोलीत बसा आणि तिला एकच काम सांगा: पहिल्या रुमालातल्या १४७व्या कागदाचं वाचन काढ आणि तो कागद रुमालातून आणून दे. ती जिथे अडेल, जो प्रश्न विचारायला तुमच्या खोलीत येईल, त्याचं उत्तर `vachaa.txt` मध्ये लिहायचं राहिलं आहे.